गाडी फोडताना सापडलेला बग

आमच्या ऑफिसात आठ मुलं बोलावली होती. वय बारा ते पंधरा, बहुतेक सगळी सहकाऱ्यांची भाचे-पुतणे मंडळी. प्रत्येकाच्या हातात एक फोन, समोर वेफर्सची बशी, आणि मागे भिंतीला टेकून वही घेऊन उभी मी. मी गेम टेस्टर आहे. म्हणजे लोकांना वाटतं तसं दिवसभर गेम खेळायचे पैसे मला मिळत नाहीत. एकच गेम दिवसभर मोडायचे मिळतात.

गेम रिक्षाचा होता. प्रवासी बसवायचा, खड्डे आणि स्पीडब्रेकर चुकवत वेळेत पोचवायचा, मीटरप्रमाणे पैसे घ्यायचे. त्यात एक बग होता, आणि तो मीच तीन आठवड्यांपूर्वी नोंदवला होता. रिक्षा वेगात स्पीडब्रेकरवर चढली, हँडल पूर्ण एका बाजूला असलं आणि नेमका तेव्हाच ब्रेक दाबला, तर रिक्षा हवेत उडून भोवऱ्यासारखी गरगर फिरायची आणि कुठेही आपटायची. चांगली चाललेली फेरी मातीत जायची. वैताग असा की हे दर वेळी व्हायचं नाही. दहा वेळा प्रयत्न केला तर तीनदा. जो बग हुकमी दाखवता येत नाही, त्याच्यावर प्रोग्रॅमरचा विश्वास बसत नाही. "तुझ्या फोनचा प्रॉब्लेम असेल गं," हे वाक्य मी त्या तीन आठवड्यांत बरेचदा ऐकलं.

मुलांचं खेळून झालं. आम्ही त्यांना कागद दिले: काय आवडलं, काय नाही ते लिहा. 'काय नाही' खाली जवळजवळ सगळ्यांनी तेच लिहिलं होतं, रिक्षा मधेच गोल फिरते. एकाने तर 'फालतू' असा शेरा मारला होता. मी खूश. आता तरी दुरुस्त करतील.

पण माझ्या वहीत वेगळंच लिहिलेलं होतं. पहिल्या दहा मिनिटांत रिक्षा फिरली की मुलं चिडत होती. त्यानंतर एकाला कधी ब्रेक दाबायचा ते सापडलं, आणि त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. पंधराव्या मिनिटाला सगळे आपापली खुर्ची सोडून त्याच्या मागे उभे. विसाव्या मिनिटाला प्रवासी कोणीच पोचवत नव्हतं. सगळे स्पीडब्रेकर शोधत होते आणि कोणाची रिक्षा किती वेळा फिरली ते मोठ्याने मोजत होते. 'फालतू' लिहिणाऱ्याच्या नावापुढे सगळ्यात मोठा आकडा होता.

हा प्रसंग मला आपला वाटला, पण आमच्या धंद्यात तो जुना आहे. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जपानच्या ओसाका शहरात 1991 च्या सुमारास घडलं आणि त्या एका बगावर पुढे खेळांचा एक अख्खा प्रकार उभा राहिला.

कॅपकॉम या कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' तेव्हा तयार होत होता. ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात व्हिडिओ पार्लरबाहेर रेंगाळण्यात गेलं, त्यांना तो वेगळा सांगायला नको. आठ लढवय्ये, एक दांडी आणि सहा बटणं: तीन ठोशांची, तीन लाथांची, हलकी-मध्यम-जोरकस अशी. त्या आठांत आपला धालसिमही होता, हातपाय लांबवणारा योगी, मागे हत्ती उभे. आमच्या डोंबिवलीच्या पार्लरमध्ये मात्र त्याला कोणी घ्यायचं नाही, फार सावकाश चालायचा. सगळ्यांना ऱ्यू किंवा केन हवा. दोन्ही हातांनी निळा गोळा फेकायचा आणि ओरडायचं, 'आडुकेन!' खरा शब्द 'हादोकेन' आहे हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

या खेळात काही लढती जिंकल्यावर एक बोनस फेरी येते. समोर माणूस नसतो, उभी मोटारगाडी असते. ठरलेल्या वेळात लाथाबुक्क्यांनी तिचा चेंदामेंदा करायचा. कॅपकॉममधले नोरिताका फुनामिझू याच फेरीत बग शोधत बसले होते. गाडी फोडताना त्यांना काहीतरी खटकलं. त्यांनी खेळ टेपवर रेकॉर्ड केला आणि परत लावून पाहिला. एका ठोशाच्या वेळात, नेमका क्षण साधला तर, दुसरा ठोसा बसत होता. आणि मग आणखी एक. पहिल्या फटक्यातून बाहेर यायच्या आतच दुसरा. असं व्हावं ही कोणाची योजना नव्हती.

हे गाडीवरच का दिसलं असावं? ते कुठे सांगितलेलं मी वाचलेलं नाही, पण टेस्टर म्हणून मला कारण उघड वाटतं. माणूस फटका खाऊन मागे सरकतो, पडतो, उलटून मारतो. गाडी यातलं काहीच करत नाही. ती जागची हलत नाही, त्यामुळे तुम्ही तिच्याजवळच राहता आणि हाताला येईल ते बटण सारखं बडवता. जी संधी लढतीत निमिषात निसटते, ती इथे पुन्हा पुन्हा समोर येते. आम्ही टेस्टर रिकामं मैदान किंवा न हलणारा शत्रू मुद्दाम मागून घेतो, ते याचसाठी.

आता आत काय चाललं होतं ते सावकाश पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

हा खेळ सेकंदाला सुमारे साठ चित्रं दाखवतो. प्रत्येक चित्राला आम्ही फ्रेम म्हणतो. कोणताही ठोसा तीन तुकड्यांत होतो: हात बाहेर येईपर्यंतच्या फ्रेम, फटका लागू शकतो त्या फ्रेम आणि हात परत घ्यायच्या फ्रेम. ज्याला फटका बसला तो काही फ्रेम नुसता कळवळतो. त्या वेळात त्याचं कोणतंही बटण चालत नाही. समजावण्यापुरते आकडे घेऊ. समजा, मार खाणारा पंधरा फ्रेम कळवळतो, आणि मारणाऱ्याचा हात परत यायला वीस फ्रेम लागतात. म्हणजे मार खाणारा पाच फ्रेम आधी मोकळा होतो. तो वाचतो, हवं तर उलट मारतो. खेळ असाच चालावा अशी रचना.

आता दांडीकडे या. आडुकेन टाकायला दांडी खाली, मग तिरकी, मग पुढे फिरवायची आणि ठोशाचं बटण दाबायचं. साधा ठोसा समोरच्याला लागला की लगेचच्या थोड्या फ्रेमपुरती खेळाने एक फट उघडी ठेवली होती: तेवढ्यात खास डावाची हालचाल पुरी झाली, तर साध्या ठोशाचा उरलेला भाग रद्द होऊन खास डाव सुरू होतो. हात परत घ्यायच्या त्या वीस फ्रेम गायब! मारणारा एकदम मोकळा, आणि मार खाणारा अजून कळवळतोच आहे. आडुकेन येऊन आदळतो तेव्हा त्याला अडवण्याचीसुद्धा सोय नाही. दुसरा प्रकार याहून साधा. काही हलके ठोसे इतके चटकन परत येतात की समोरचा सावरायच्या आत पुढचा ठोसा निघतो. यात काही रद्द होत नाही, नुसती घड्याळाशी शर्यत. पण गणिताने कधी एकदोन फ्रेमचीच जागा उरते. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

पार्लरमधला नेहमीचा नमुना असा: उडी मारून जोरात लाथ, ती लागली की जमिनीवर पाय टेकताच जवळून ठोसा, आणि ठोसा लागता लागता आडुकेन. लाथ बसल्यापासून गोळा आदळेपर्यंत समोरच्याच्या हाती काहीच नाही. निम्मीअर्धी ताकद खलास, आणि वर डोक्याभोवती तारे फिरून तो भोवळ आल्यासारखा डुलायला लागला तर आणखी मार.

फुनामिझूंनी नंतर मुलाखतीत सांगितलेलं आहे, की याचा खेळात काही उपयोग होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. वेळ साधणं इतकं कठीण, की सामान्य खेळाडूला ते जमणार नाही, असा हिशेब. म्हणून काढून न टाकता ते लपवलेली गोष्ट म्हणून राहू दिलं. फार तर चारेक फटके लागोपाठ बसतील असा अंदाज होता. पुढे त्यांनाच आठपर्यंत जमले. याला बग म्हणायचं का, यावर त्यांचं उत्तर साधारण 'असेलही' या धर्तीचं आहे. मला हा माणूस आवडतो तो त्या 'असेलही'साठी. मागाहून बहुतेक लोक आपण सगळं ठरवूनच केलं असं सांगतात.

अंदाज कुठे चुकला? तंत्रात नाही, माणसांत. कंपनीतला माणूस एक डाव शंभरदा खेळतो आणि घरी जातो. पार्लरमधला पोरगा तोच डाव महिनोन्‌महिने रोज खेळतो, आणि त्याच्या पाठीमागे डझनभर पोरं बघत उभी असतात. एकाच्या हाताला ती फट लागली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक.

आमच्या पार्लरमध्ये मी दादाबरोबर जायचे. खेळायला क्वचितच मिळायचं. रुपयाचं नाणं दादाचं, म्हणून पाळी दादाची. मी बघायचे. वरच्या गल्लीतला एक मोठा मुलगा माझ्या भावाला कोपऱ्यात कोंडायचा आणि लाथ-ठोसा-आडुकेन असं लावून संपवायचा. दादा दांडी गदागदा हलवायचा, सगळी बटणं एकदम दाबायचा, काही उपयोग नाही. मग भांडण. "चीटिंग आहे रे ही, हलूच देत नाही!" "मशीन देतंय ना करू, मग?" शेवटी नियम व्हायचे: कोपऱ्यात कोंडायचं नाही, पकडून आपटायचं नाही. ते नियम दोन दिवस टिकायचे. तिसऱ्या दिवशी दादा दुपारी, गर्दी नसताना, एकटाच मशीनशी झुंजत बसलेला. काय करतोस विचारलं तर म्हणाला, "गप बस, मोजू दे." तो तोच डाव शिकत होता. चीटिंग म्हणून ज्याच्या नावाने दोन दिवस बोंब मारली, त्यासाठी त्याने खाऊचे पैसे घातले.

कॅपकॉमने हे हेरलं. 1993 मध्ये 'सुपर स्ट्रीट फायटर टू' आला, त्यात लागोपाठ बसलेले फटके यंत्र स्वतः मोजून पडद्यावर लिहायला लागलं आणि त्याचे जास्तीचे गुणही मिळायला लागले. 'कॉम्बो' हा शब्द पडद्यावर आला. पुढच्या खेळांत वेळ साधणं मुद्दाम थोडं सोपं केलं गेलं. आज मारामारीचा खेळ म्हटला की कॉम्बो गृहीतच असतो; कोणत्या फटक्याला किती फ्रेम याचे तक्ते खेळाडू तोंडपाठ करतात. एवढी वाढ झाल्यावर रोगही वाढले. एकदा सापडलात की मरेपर्यंत सुटका नाही, अशा साखळ्या निघाल्या. त्यावर नंतरच्या खेळांत उतारा आला तो असा की साखळी जितकी लांब, तितका पुढचा प्रत्येक फटका दुबळा.

मग कुठलाही बग ठेवावा का? याचं उत्तर त्याच यंत्रात मिळतं, आणि ते मला कॉम्बोच्या गोष्टीइतकंच मोलाचं वाटतं. 'स्ट्रीट फायटर टू'च्या पहिल्या आवृत्तीत गाइल या अमेरिकन सैनिकाचे काही कुप्रसिद्ध बग होते. एकात विशिष्ट क्रमाने दांडी-बटणं फिरवली की प्रतिस्पर्धी त्याला हातकडी घातल्यासारखा चिकटून बसायचा. दुसऱ्यात तो समोरच्याला लांबूनच, हातही न लावता आपटायचा. आणखी एकात चक्क मशीनच रीसेट व्हायचं, दोघांचीही नाणी गेली! हेही बग, हेही शिकायला अवघड, हेही पोरांना माहीत. पण 1992 च्या 'चॅम्पियन एडिशन'मध्ये त्यांना नारळ दिला गेला.

दोन्हींत फरक कशाचा? दोन्हींत समोरच्याला हलता येत नाही. पण कॉम्बोत पहिला फटका बसूच न देणं तुमच्या हातात असतं: अडवा, उडी चुकवा, आधीच मारा. चुकलात तर मार खाल, पण तो मार कुठेतरी संपतो आणि का बसला तेही कळतं. उद्या तोच मार तुम्ही देऊ शकता. हातकडीत यातलं काहीच नाही. चूक कळत नाही, सुटका नाही आणि करणाऱ्यालाही एकदा गंमत दाखवून झाली की पुढे काही करण्यासारखं उरत नाही. पहिल्या बगाने हरलेला पोरगा दुसरं नाणं काढतो. दुसऱ्याने हरलेला मशीनला लाथ मारून पार्लरमालकाकडे पैसे परत मागायला जातो. म्हणून मी कागदावरच्या शेऱ्यांपेक्षा हातांकडे बघते. चिडलेला खेळाडू फोन खाली ठेवतो की पुन्हा 'सुरू'वर बोट नेतो, याला मी जास्त किंमत देते.

अशा गोष्टी सांगताना थोडं जपावंही लागतं, कारण बगाच्या दंतकथा फार गोड असतात. आपल्याकडे आवडीने सांगितली जाणारी एक म्हणजे 'सिव्हिलायझेशन' या 1991 च्या खेळातले गांधीजी. त्यांचा आक्रमकपणा 1 ठेवला होता, लोकशाही आल्यावर त्यातून 2 वजा झाले, आणि शून्याखाली न जाता आकडा उलटा फिरून 255 झाला. म्हणून गांधीजी अणुबाँब टाकायला लागले, अशी ती कथा. गणित खरंच तसं घडू शकतं, म्हणूनच ती पटते. पण खेळाचा निर्माता सिड मायर याने 2020 च्या आपल्या आत्मकथनात स्पष्ट लिहिलं, की मूळ खेळात असा बग नव्हताच.

आमच्या रिक्षेचा बग मात्र होता, आणि त्याचं काय करायचं हा प्रश्नही. मी वही मीटिंगमध्ये वाचून दाखवली. डिझायनर म्हणाला, "हा प्रवाशांचा खेळ आहे, सर्कशीचा नाही." त्याचं चूक नव्हतं. हाच गेम लोकलमध्ये बसून एखादे आजोबा खेळणार असतील, तर त्यांना ही गिरकी नकोच असेल. शेवटी प्रोग्रॅमर आणि मी दोन दिवस शेजारी बसलो आणि ते 'दहात तीनदा'चं कोडं उलगडलं. हँडल वळवलं की गेम रिक्षेला फिरवणारा जोर लावायचा, पण चाकं जमिनीला टेकलेली आहेत का, ते तपासायचाच नाही. जमिनीवर टायरचं घर्षण त्या जोराला आवर घालतं. हवेत आवरणारं कोणी नाही. आणि गेममधलं वजन-वेगाचं गणित सेकंदाला पन्नास वेळा होतं. पुढचं चाक उचललेलं आणि मागची टेकलेली, अशी अवस्था त्यातल्या जेमतेम दोन टप्प्यांपुरती असायची, म्हणजे एका सेकंदाचा पंचविसावा भाग. ब्रेक त्यात पडला तरच गिरकी. त्या मुलाच्या बोटाला ही फट सापडली होती, जी आम्हाला तीन आठवडे सापडली नाही.

आम्ही फट दोनाची सहा टप्प्यांची केली, म्हणजे शिकणाऱ्याला साधेल, पण चुकून होणार नाही. चाकांवर उतरलात तर प्रवासी राहतो, टपावर पडलात तर भाडं गेलं. इथवर ठीक. मग कोणाला तरी वाटलं, दर गिरकीला चार नाणी बक्षीस देऊ. पुढच्या वेळी तीच मुलं बोलावली, तर सगळी पहिल्याच स्पीडब्रेकरवर ठाण मांडून बसली. गिरकी, मागे, गिरकी, मागे. मोजणं नाही, ओरडणं नाही, कोपराने ढोसणं नाही. बँकेत नोटा मोजाव्यात तसे चेहरे. नाणी काढून टाकली. त्यानंतरच्या खेपेला पुन्हा खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

माझं मूळ तिकीट 'असंच ठेवायचं आहे' असा शेरा मारून बंद झालं. रिक्षा टपावर उलटी पडल्यावरही तिचं मीटर मात्र चालूच राहतं. ते मी परवा वेगळं नोंदवलंय.